‘मायसेल्फ श्रीनिवास’ लिहिण्याआधी: ओळख आणि छोट्या निरोपातील एका शब्दाविषयी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या डिस्पॅच विभागात नव्याने रुजू झालेला एक तरुण मध्यंतरी आपला मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. मुंबईतील खरेदीदाराच्या कार्यालयाला त्याने एक छोटा निरोप पाठवायला घेतला होता, आणि पाठवण्यापूर्वी तो वरिष्ठांनी वाचून त्यातील सगळे ‘मायसेल्फ’ काढून टाकायला सांगितले होते. का काढायचे, हे मात्र सांगितले नव्हते. त्याचे नाव येथे श्रीनिवास आहे असे धरू. निरोप असा होता:

“डिअर सर, मायसेल्फ श्रीनिवास फ्रॉम सोलापूर. मायसेल्फ अँड माय सीनिअर विल व्हिजिट युवर ऑफिस ऑन मंडे. प्लीज सेंड द गेट पास टू मायसेल्फ. फॉर एनी क्वेरी, प्लीज कॉन्टॅक्ट माय सीनिअर ऑर मायसेल्फ. आय चेक्ड द सॅम्पल्स मायसेल्फ.”

या पाच वाक्यांत ‘मायसेल्फ’ पाच वेळा आले आहे. त्यांपैकी चार ठिकाणी ते चुकले आहे आणि एका ठिकाणी अगदी योग्य आहे. वरिष्ठांच्या सांगण्याप्रमाणे पाचही काढले, तर नेमके जे ठेवायला हवे तेही जाते. म्हणून हा शब्द सरसकट टाळण्यापेक्षा तो कोठे बसतो हे एकदा समजून घेतलेले बरे. नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत ज्यांना इंग्रजीतून ओळख करून द्यावी लागते आणि दोन-चार ओळींचे निरोप लिहावे लागतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. इंग्रजीत स्वतःसाठी तीन शब्द आहेत: ‘आय’, ‘मी’ आणि ‘मायसेल्फ’. यातील मधला शब्द कानाला आपल्या मराठी मीसारखा ऐकू येतो, पण त्याचा अर्थ ‘मला’ असा आहे. मराठीतील मी म्हणजे इंग्रजीतील ‘आय’. या सारखेपणामुळे नव्या माणसाची जीभ हमखास अडखळते. या लेखात ‘मी’ हा शब्द अवतरणचिन्हांत आला, तर तो इंग्रजी समजावा.

पहिली पायरी: सेल्फचा चेक आठवा

बँकेत आपल्याच खात्यातून रोख पैसे काढताना आपण चेकवर नावाच्या जागी ‘सेल्फ’ असे लिहितो. ते लिहिण्याचे कारण साधे आहे: पैसे देणारा आणि पैसे घेणारा हा एकच माणूस असतो. दुकानदाराला चेक द्यायचा असेल तर आपण ‘सेल्फ’ लिहीत नाही, त्याचे नाव लिहितो. आणि दुकानदाराने आपल्याला चेक दिला तर तोही ‘सेल्फ’ लिहीत नाही, आपले नाव लिहितो.

‘मायसेल्फ’चा मुख्य नियम हाच आहे. वाक्यातील क्रिया करणारा मीच, आणि ती क्रिया ज्याच्यावर होते तोही मीच, अशी स्थिती असेल तेव्हाच ‘मायसेल्फ’ येते. “आय कट मायसेल्फ” म्हणजे मी स्वतःला कापून घेतले. कापणारा आणि कापला गेलेला एकच. “आय इंट्रोड्यूस्ड मायसेल्फ” म्हणजे मी स्वतःची ओळख करून दिली. येथेही ओळख देणारा आणि ज्याची ओळख दिली तो एकच आहे.

आता श्रीनिवासचे तिसरे वाक्य पाहा: “प्लीज सेंड द गेट पास टू मायसेल्फ.” पास पाठवणारे मुंबईचे साहेब आहेत आणि तो मिळणारा श्रीनिवास आहे. माणसे दोन आहेत, म्हणजे हा सेल्फचा चेक नव्हे. येथे “टू मी” हेच हवे. “कॉल मायसेल्फ”, “रिप्लाय टू मायसेल्फ”, “गिव्ह इट टू मायसेल्फ” ही कार्यालयातील निरोपांत रोज दिसणारी वाक्येही याच कारणाने चुकतात. फोन दुसरा कोणीतरी करणार आहे, उत्तर दुसरा कोणीतरी देणार आहे. मग ‘सेल्फ’ आला कोठून?

या कसोटीला एक चांगले उदाहरण म्हणजे “लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ” हे वाक्य. यात ‘मी’ आणि ‘मायसेल्फ’ दोन्ही आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. “मला ओळख करून देऊ द्या” यातील ‘मला’साठी ‘मी’ आले, कारण परवानगी समोरचा देणार आहे. आणि ओळख देणारा व ज्याची ओळख द्यायची तो एकच असल्याने पुढे ‘मायसेल्फ’ आले. हे एक वाक्य नीट उलगडता आले, तर अर्धे काम झाले असे समजावे.

दुसरी पायरी: ओळख देताना क्रियापद आणा

“मायसेल्फ श्रीनिवास” हे आपल्याकडे मुलाखतीच्या खोलीतून, कार्यालयाच्या दारातून आणि फोनवरून इतके ऐकू येते की ते चूक आहे असे सांगितल्यावर लोकांना आश्चर्य वाटते. ते कोठून आले याचा विचार केला तर तीन वाटा दिसतात.

पहिली वाट शाळेतून येते. इंग्रजी निबंधाची सुरुवात बहुतेकांनी ‘मायसेल्फ’ या विषयावरील दहा ओळींनी केलेली असते. फळ्यावर वर शीर्षक ‘मायसेल्फ’, आणि खाली “माय नेम इज…” अशी पहिली ओळ. शीर्षक म्हणून तो शब्द चालतो, कारण शीर्षक हे वाक्य नसते. पण पुढे अनेक वर्षांनी ओळख देण्याची वेळ आली की शीर्षक आणि नाव एवढेच आठवते, आणि मधली “माय नेम इज” ही ओळ गळून पडते.

दुसरी वाट मुलाखतीतील प्रश्नाची आहे. “टेल मी अबाउट युवरसेल्फ” असा प्रश्न आला की त्यातला ‘सेल्फ’ उचलून उत्तर सुरू करण्याचा मोह होतो. प्रश्नातील ‘युवरसेल्फ’ योग्य आहे, कारण सांगणारे तुम्ही आणि ज्याच्याविषयी सांगायचे तेही तुम्ही. उत्तरात मात्र तुम्ही नव्याने वाक्य सुरू करता, आणि इंग्रजी वाक्याचा कर्ता ‘आय’ असतो. ‘मायसेल्फ’ एकटे कधीही कर्ता होत नाही.

तिसरी वाट आपल्या घरच्या भाषांची आहे, आणि सोलापुरात ती विशेष रुंद आहे. मराठीत आपण “माझे नाव सचिन” म्हणतो, त्यात ‘आहे’ नसले तरी काही अडत नाही. यंत्रमागाच्या वस्तीत तेलुगू बोलणारा “ना पेरु श्रीनिवास” म्हणतो आणि अक्कलकोटकडून आलेला कन्नड बोलणारा “नन्न हेसरु रमेश” म्हणतो. या वाक्यांतही क्रियापद नाही. शहरातल्या तीन घरांत तीन भाषा बोलल्या जातात, पण नाव सांगताना तिन्ही घरांत क्रियापदाला सुट्टी असते. ती सवय इंग्रजीत गेली की नुसते “आय श्रीनिवास” कानाला तुटके वाटते, म्हणून जड वजनाचा ‘मायसेल्फ’ तेथे आधाराला येतो. इंग्रजीत मात्र ही जागा ‘अ‍ॅम’ किंवा ‘इज’नेच भरावी लागते. काही जण “आय मायसेल्फ श्रीनिवास” असे लिहून मधला मार्ग काढतात. त्यातही क्रियापद नाहीच.

तेव्हा ओळख देताना काय म्हणावे, हे प्रसंगानुसार ठरते. समोरासमोर भेट असेल तर “आय अ‍ॅम श्रीनिवास” किंवा “माय नेम इज श्रीनिवास”, यांपैकी कोणतेही चालते. फोनवर मात्र इंग्रजीची रीत वेगळी आहे. आपण मराठीत “मी श्रीनिवास बोलतोय” म्हणतो. इंग्रजीत “दिस इज श्रीनिवास” असे म्हणतात, आणि त्यानंतर कारखान्याचे किंवा गावाचे नाव जोडतात. ज्यांच्याकडे तुमचा नंबर साठवलेला नाही, त्यांना पाठवलेल्या मोबाइल निरोपाची सुरुवातही “दिस इज”ने केलेली चांगली दिसते. पहिल्यांदा पाठवलेल्या ईमेलमध्ये “आय अ‍ॅम श्रीनिवास” लिहून लगेच तुम्ही काय काम करता ते सांगावे, आणि पत्रव्यवहार एकदा सुरू झाला की दरवेळी नाव सांगत बसू नये. शेवटी नाव असतेच. कामाच्या गटात नव्याने सामील झाल्यावर वाक्य करायचेच नसेल, तर “श्रीनिवास, डिस्पॅच, सोलापूर” एवढे तीन शब्द स्वल्पविराम देऊन लिहावेत. त्याला कोणी चूक म्हणणार नाही.

“फ्रॉम सोलापूर” हा तुकडा चुकीचा नाही, पण खरेदीदाराला तो फार काही सांगत नाही. टॉवेल सोलापूरहूनच येतात हे त्याला माहीत असते. तुम्ही डिस्पॅचला आहात की हिशेबाला, हे कळले तर त्याचे काम सोपे होते.

तिसरी पायरी: जोडीतल्या दुसऱ्या माणसाला थोडा वेळ बाजूला बसवा

एकट्याचे वाक्य लिहिताना न चुकणारी माणसेसुद्धा जोडी आली की चुकतात. “मायसेल्फ अँड माय सीनिअर विल व्हिजिट” हे त्याचेच उदाहरण आहे. येथे एक अगदी सोपा उपाय आहे. ‘अँड’ किंवा ‘ऑर’ने जोडलेल्या दुसऱ्या माणसाला वाक्यातून काढा, उरलेले वाक्य मोठ्याने वाचा, जो शब्द बसतो तो ठरवा, आणि मग त्या माणसाला परत आणा.

“मायसेल्फ विल व्हिजिट युवर ऑफिस” असे कोणीही लिहिणार नाही. “आय विल व्हिजिट” असेच लिहील. म्हणून जोडीतही ‘आय’ हवे: “माय सीनिअर अँड आय विल व्हिजिट युवर ऑफिस.” ‘आय’ शेवटी ठेवले आहे ते इंग्रजीतील शिष्टाचार म्हणून. दुसऱ्याचे नाव आधी, आपले नंतर. आपण मराठीत “मी आणि साहेब येतो” असे सहज म्हणतो, त्यात उद्धटपणा नसतो. म्हणूनच क्रम बदलायचे आपल्या लक्षात राहत नाही.

आता चौथे वाक्य: “प्लीज कॉन्टॅक्ट माय सीनिअर ऑर मायसेल्फ.” वरिष्ठांना बाजूला बसवले की “प्लीज कॉन्टॅक्ट मी” उरते. म्हणून “प्लीज कॉन्टॅक्ट माय सीनिअर ऑर मी.” येथे दुसराच एक खड्डा आहे. ‘मायसेल्फ’ चूक आहे असे एकदा कळले की पुष्कळ जण घाईने “कॉन्टॅक्ट माय सीनिअर ऑर आय” असे लिहितात, कारण ‘आय’ शुद्ध आणि ‘मी’ गावठी असा समज असतो. हा समज शाळेत तयार होतो. “मी अँड रवी वेंट” म्हटल्यावर मास्तरांनी “रवी अँड आय” असे ओरडून दुरुस्त केलेले असते, आणि त्यातून मुलाने नियम न उचलता भीती तेवढी उचललेली असते. पुढे ‘मी’ लिहायची वेळ आली की ती भीती जागी होते, आणि मग कोणी ‘आय’च्या आडोशाला जातो, कोणी ‘मायसेल्फ’च्या. ‘टू’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘विथ’, ‘बिटवीन’ या शब्दांनंतर निर्धास्तपणे ‘मी’ लिहावे, मध्ये दुसरे नाव असले तरी: “फ्रॉम माय सीनिअर अँड मी”, “बिटवीन यू अँड मी”.

‘मी’ लिहिण्यात अनादर होतो का?

हा प्रश्न श्रीनिवासने मला विचारला, आणि मला तो खरा प्रश्न वाटतो. कारण नियम कळल्यावरही हात ‘मायसेल्फ’कडे जातो तो याच शंकेमुळे. मोठ्या साहेबांना “सेंड टू मी” लिहिणे त्याला हुकूम सोडल्यासारखे वाटत होते. लांब शब्दात नम्रता असते असे आपल्याला का कोण जाणे वाटते. मराठीतही एके काळी मी म्हणायचे टाळून ‘अस्मादिक’ म्हणण्याची रीत होती. आज तो शब्द कोणी उच्चारला तर आपण हसतो. ‘टू मायसेल्फ’ वाचणाऱ्या इंग्रजी वाचकाला तसे हसू येईलच असे नाही, पण लिहिणारा उगीच अवघडला आहे हे त्याला जाणवते.

मराठीत आदर क्रियापदात असतो. “मला पास पाठव”, “मला पास पाठवा” आणि “मला पास पाठवावा” यांत पायऱ्या आहेत. पण तिन्ही वाक्यांत ‘मला’ हा शब्द तसाच राहतो. “कृपया पास माझ्या स्वतःला पाठवावा” असे कोणी नम्रतेने लिहीत नाही. इंग्रजीतही आदर ‘प्लीज’मध्ये किंवा “कुड यू” अशा सुरुवातीत असतो, ‘मी’च्या जागी आलेल्या शब्दात नसतो. श्रीनिवासला हुकूम वाटत असेल तर त्याने “कुड यू प्लीज सेंड द गेट पास टू मी?” असे लिहावे. नम्रता योग्य ठिकाणी आली, आणि ‘मी’ जागेवर राहिले.

पाचवे वाक्य का ठेवायचे

“आय चेक्ड द सॅम्पल्स मायसेल्फ.” या वाक्यात चेकची कसोटी लावली तर ती लागत नाही, कारण तपासणारा श्रीनिवास आहे आणि तपासले गेले ते टॉवेलचे नमुने. तरीही ‘मायसेल्फ’ योग्य आहे, कारण त्याचे येथे दुसरे काम आहे: जोर देणे. “नमुने मी स्वतः तपासले, दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतले नाहीत” हे त्याला सांगायचे आहे. आधीच्या खेपेला काठ सुटलेले काही टॉवेल गेले होते, आणि या वेळी माल कोणी डोळ्यांनी पाहिला हे खरेदीदाराला हवे होते. नुसते “आय चेक्ड द सॅम्पल्स” म्हटले असते तर वाक्य शुद्धच राहिले असते, पण तो दिलासा त्यात उतरला नसता.

हे काम ओळखायला मराठी उपयोगी पडते. तेच वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. त्यात ‘स्वतः’ किंवा ‘माझे मी’ सहज येत असेल तर ‘मायसेल्फ’ बहुधा योग्य असते. “मी स्वतः येईन” म्हणजे “आय विल कम मायसेल्फ”. “माझे मी बघतो” म्हणजे “आय विल हँडल इट मायसेल्फ”. “मला फोन करा” यात ‘स्वतः’ येत नाही, म्हणून ‘मायसेल्फ’ही येत नाही. ही कसोटी शंभर टक्के लागू पडत नाही. “आय एन्जॉइड मायसेल्फ” म्हणजे मजा आली. यात मराठीत ‘स्वतः’ नाही, तरी इंग्रजीत ‘मायसेल्फ’ लागतेच. अशी थोडी वाक्ये जशी भेटतील तशी लक्षात ठेवावी लागतात.

दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. जोर देणाऱ्या ‘मायसेल्फ’च्या आधी त्याच वाक्यात ‘आय’ असलेच पाहिजे, कारण ज्याच्यावर जोर द्यायचा तो आधी हजर हवा. आणि काय तपासले ते लिहायला विसरू नये. “आय चेक्ड मायसेल्फ” एवढेच लिहिले तर ‘द सॅम्पल्स’ गळल्याबरोबर अर्थ बदलतो, आणि श्रीनिवासने टॉवेल सोडून स्वतःलाच तपासून पाहिले असे वाचले जाते.

दुसऱ्यांच्या लिखाणात दिसले तर

हे सगळे शिकल्यावर इंग्रजी वाचताना अडचण येते. “माय वाइफ अँड मायसेल्फ” अशा रचना जुन्या इंग्रजी पत्रांत, चांगल्या लेखकांच्या लिखाणातही सापडतात. आजही इंग्लंडमधील कार्यालयांतून “कॉन्टॅक्ट मायसेल्फ” असे लिहिणारे लोक आहेत, आणि त्यावर चिडणारे त्यांचेच देशबांधव आहेत. शब्दकोश अशा वापराची नोंद करतात. “पीपल लाइक मायसेल्फ” किंवा “अ‍ॅज फॉर मायसेल्फ” यांना तर फारसे कोणी हरकतही घेत नाही. म्हणून परदेशी खरेदीदाराच्या पत्रात हा शब्द दिसला तर त्याची चूक काढायला जाऊ नये. माझे मत एवढेच आहे की नव्या माणसाने आपल्या निरोपात ‘आय’ आणि ‘मी’ वापरावे. त्यांना कोणीच चूक म्हणत नाही, आणि ते लिहायला अक्षरेही कमी लागतात. “मायसेल्फ श्रीनिवास” या क्रियापद नसलेल्या ओळखीला मात्र जुन्या पत्रांचाही आधार नाही.

निरोप पुन्हा लिहिला तेव्हा

आम्ही दोघांनी बसून एकेक वाक्य घेतले. पहिल्या वाक्यात क्रियापद आणि काम आले, दुसऱ्यात वरिष्ठ पुढे गेले, तिसऱ्यात आणि चौथ्यात ‘मी’ बसले, पाचवे जसेच्या तसे राहिले. रविवारी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सोमवारी सकाळी मुंबईत पोहोचायचे होते, आणि पास दोघांसाठी लागणार होता. हे पहिल्या मसुद्यात कोठेच नव्हते, कारण ‘टू मायसेल्फ’ लिहिण्याच्या नादात पास किती जणांचा हवा हे सांगायचे राहून गेले होते. म्हणून तेही घातले:

“डिअर सर, आय अ‍ॅम श्रीनिवास, अँड आय वर्क इन द डिस्पॅच सेक्शन ऑफ अ टॉवेल फॅक्टरी इन सोलापूर. माय सीनिअर अँड आय विल व्हिजिट युवर ऑफिस ऑन मंडे मॉर्निंग. कुड यू प्लीज सेंड गेट पासेस फॉर बोथ ऑफ अस टू मी? फॉर एनी क्वेरी, प्लीज कॉन्टॅक्ट माय सीनिअर ऑर मी. आय चेक्ड द सॅम्पल्स मायसेल्फ.”

प्रत्यक्ष निरोपात त्याने “अ टॉवेल फॅक्टरी”च्या जागी कारखान्याचे नाव लिहिले. वरिष्ठांनी तो पुन्हा वाचला आणि शेवटच्या ‘मायसेल्फ’वर बोट ठेवले. या वेळी श्रीनिवासने ते का ठेवले आहे हे मराठीत सांगितले: “साहेब, नमुने मी स्वतः बघितलेत.”